कटअवे म्हणजे पांघरूण नव्हे

आपल्या मंडळासाठी आम्ही तिघींनी बेळगावातल्या एका निवृत्त कंपोझिटरकाकांची मुलाखत चित्रित केली. खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. मुलाखत झाली ४२ मिनिटांची आणि फिल्म करायची होती ६ मिनिटांची. म्हणजे कापाकापी आलीच.

एकाच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातला मधला तुकडा काढला, की त्याची मान एकदम सरकते, मांडीवरचा हात क्षणात हवेत जातो. हा जंप कट. तो झाकायला बोलणं तसंच चालू ठेवून वर दुसरं दृश्य लावतात, त्याला कटअवे म्हणतात. आम्ही असे चार शॉट निघता निघता घेतले होते: खिडकी, चहाचा कप, देव्हारा आणि काकांचे हात. एडिटला बसलो तेव्हा झाकायचे कट निघाले १४. काका प्रूफ तपासण्याबद्दल बोलतायत आणि पडद्यावर चहाचा कप! बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी कापलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, की कटअवेची यादी प्रश्नांच्या यादीशेजारीच लिहायला हवी. प्रत्येक प्रश्नासमोर उत्तरात कुठल्या वस्तू आणि कुठली कामं येतील ते मांडायचं. मुलाखत आधी घ्यायची, बोलताना प्रत्यक्ष जे आलं त्याची नोंद ठेवायची आणि त्याच दिवशी, त्याच उजेडात ते टिपायचं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही तसंच केलं. काकांनी जपून ठेवलेल्या केसमधून ते खिळा उचलतात, हा एक शॉट लांबून, एक फक्त बोटांचा आणि एक काम करतानाच्या चेहऱ्याचा. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता १० सेकंद धरला. त्यातले तीन-चार सेकंदच वापरले जातात. पण सुरुवातीला आणि शेवटी हात हलतो, ते सोडून मधला तुकडा स्थिर मिळतो.

आणखी एक गोष्ट आम्ही चुकूनच शिकलो. कटअवे चित्रातला कट झाकतो, आवाजातला नाही. पंख्याची घरघर मध्येच बदलली, किंवा वाक्य संपायच्या आत सूर तोडला, तर वर कितीही सुंदर हात दाखवा, कान फसत नाहीत. म्हणून सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करायचा आणि तो सांध्याखाली घालायचा. मग डोळे मिटून ऐकायचं. कट ऐकू आला, तर आधी आवाज दुरुस्त करायचा, चित्र नंतर.

पण माझा खरा मुद्दा कमकुवत उत्तराचा आहे. 'छापखाना बंद झाला तेव्हा काय वाटलं?' असं विचारल्यावर काका म्हणाले होते, 'वाईट वाटलं. काय करणार!' एवढंच. आम्ही त्यावर हातांचा शॉट टाकला, खाली बासरी लावली. तरी उत्तर पोकळच राहिलं. मग माझ्याच डोक्यात आलं, की वीस मिनिटांनंतरचं 'रात्र रात्र झोप नसायची' हे वाक्य तिथे जोडावं. जोडलं, आणि छान जमलं. पण ते वाक्य निवडणुकीच्या दिवसांतल्या रात्रपाळीबद्दलचं होतं. वर हातांचा शॉट असल्यामुळे सांधा कुणालाच दिसला नसता. काकांना मात्र ऐकताक्षणी कळलं असतं. मी तो जोड काढून टाकला.

उत्तर कमकुवत होतं, कारण प्रश्न कमकुवत होता. 'काय वाटलं?' याला माणूस दुसरं काय सांगणार? दुसऱ्या भेटीत काका खिळे चाळत असताना मी विचारलं, 'काका, शेवटच्या दिवशी हातात कुठलं काम होतं?' ते म्हणाले, 'लग्नपत्रिका. अर्धी जुळवलेली. मग एकेक खिळा परत केसमध्ये टाकला.' त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. तिथे आम्ही काहीच झाकलं नाही. पुढचा जंप कटसुद्धा उघडा ठेवला. एरॉल मॉरिस यांनी 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) मध्ये मॅकनमारांच्या मुलाखतीतले असे कट सरळ दिसू दिले आहेत. कापलंय, हे बघणाऱ्याला कळतं आणि त्याने काही बिघडत नाही.

आता एडिट करताना प्रत्येक कटअवेला मी एकच प्रश्न विचारते: हा शॉट उचलला, तर खाली अडखळणं दिसेल की लबाडी? अडखळणं असेल तर खुशाल झाकावं. लबाडी असेल, तर शॉट नाही, तो सांधाच काढावा.