शीर्षकातले विशेषण आणि बारवेचा शेवट

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातील एका गावच्या बारवेवर पंचवीस मिनिटांचा माहितीपट केला आणि त्याला नाव दिले ‘लुप्त होत चाललेली बारव’. नावात खोटे काही नव्हते. तरी ते ऐकताच आम्हां दोघांनाही वाटले, की आता हा माहितीपट पाहायचा कशासाठी? शेवट तर कळला!

दोष विषयात नाही, व्याकरणात आहे. ‘लुप्त’, ‘हरवलेली’, ‘उरलेली’ ही कृदन्त विशेषणे क्रियेला काळ देतात आणि काळाबरोबर निकालही. ‘बारव : एका वारशाचा अंत’ हे उघडच मृत्युलेखाचे शीर्षक झाले. उलट ‘पुन्हा पाणी’ म्हटले, की गाळ निघाला, झरे जिवंत झाले, गोड शेवट झाला, हे एका ‘पुन्हा’तून कळते. व्हिक्टोरिया लॉटमन यांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हॅनिशिंग स्टेपवेल्स ऑफ इंडिया’ या पुस्तकाला असे नाव शोभते, कारण ती अनेक पायविहिरींची सचित्र ओळख आहे. तिथे वाचकापासून राखून ठेवायचा शेवट नाही. एकाच बारवेच्या माहितीपटात तो असतो, आणि प्रेक्षक त्याच्यासाठीच थांबतो.

मग नाव कसे असावे? सातारा जिल्ह्यातील लिंब येथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात विरूबाई भोसले यांनी बांधवलेली अष्टकोनी विहीर पाहा. लोक तिला ‘बारा मोटेची विहीर’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यावर पंधरा मोटांची सोय आहे. काठावर उभा राहून मोजणारा माणूस पंधरावर येतो आणि विचारतो, मग बाराच का? त्या नावात विशेषण नाही, काळ नाही. एक संख्या आहे आणि एक वस्तू आहे. त्याने उत्तर दिलेले नाही, मोजायला लावले आहे.

विद्यार्थ्यांच्या चित्रीकरणातही अशी एक संख्या होती. गावातील एक आजीबाई सुरुवातीलाच सांगतात, की बारवेला चाळीस पायऱ्या आहेत. लहानपणी त्या उतरून त्यांनी पाणी आणले आहे. पुढच्याच दृश्यात मुले पायऱ्या मोजत उतरतात आणि बाविसाव्या पायरीला गाळ व प्लास्टिक लागते. इथून नावाची नवी यादी सुरू झाली. ‘गाळाखालच्या पायऱ्या’ हे नाव आम्ही बाद केले, कारण उरलेल्या अठरा कुठे गेल्या हे कोडेच ते सोडवून टाकते. ‘बावीस पायऱ्या’ हे डोळ्यांना दिसते तेवढेच सांगते. ‘चाळीस पायऱ्या’ मात्र आठवण आहे, दावा आहे, आणि तो खरा की खोटा हे शेवटच्या दृश्यापर्यंत ठरत नाही.

नाव पक्के करण्यापूर्वी एक परीक्षा घेतली. माहितीपट न पाहिलेल्या काही जणांना नाव सांगून विचारले, शेवटी काय होत असेल? जुन्या नावावर बहुतेकांनी बिनचूक उत्तर दिले. ‘चाळीस पायऱ्या’वर एकाने किल्ला म्हटले, एकीने देऊळ. इथे दुसरा धोका दिसला : कुतूहल राखताना विषयच हरवला. म्हणून खाली साधी ओळ जोडली, ‘एका बारवेचा माहितीपट’. विषय उपशीर्षकाने सांगावा, प्रश्न शीर्षकाने विचारावा. मात्र केवळ गूढ वाटावे म्हणून माहितीपटात नसलेले काही नावात आणणे ही फसवणूकच.

हा काथ्याकूट केवळ रसिकतेपोटी नव्हता. बारवेवर स्लॅब टाकून वर सभामंडप बांधावा, असा विचार त्या गावात चालू होता, आणि पहिला खेळ तिथेच, देवळासमोर व्हायचा होता. जुने नाव ऐकून आजीबाई म्हणाल्या होत्या, “हरवली कशी? हितंच तर हाय की.” आम्ही पुस्तकी माणसे ज्या शब्दाला हळहळ समजत होतो, तो गावाच्या कानी निकाल म्हणून पडणार होता. जी गेलीच आहे, तिच्यावर स्लॅब टाकायला हरकत कोण घेणार? ‘चाळीस पायऱ्या’ म्हटल्यावर मोजणे शिल्लक राहते, आणि मोजायचे तर आधी उपसावे लागते.

माहितीपट चाळिसावर थांबतो की अलीकडे, हे इथे सांगणे आमच्याच म्हणण्याला सोडून होईल. एवढेच म्हणू, की शेवटचे दृश्य संपल्यावर तेच नाव पडद्यावर पुन्हा येते तेव्हा त्याचा अर्थ पहिला राहत नाही. आमच्या मते शीर्षकाची खरी कसोटी तीच.