ओटीपी येईना? आधी ‘रिसेंड’वरचं बोट काढ!

परवा माझ्या रूममेटचा फोन चोरीला गेला. पोरगा हुशार, लगेच जुनं सिम बंद केलं, दुकानात जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. संध्याकाळी कॉल सुरू, नेट सुरू. मात्र स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसला तर ओटीपी काही येईना. ‘रिसेंड’ दाबून दाबून शेवटी लॉगिनच लॉक झालं. मग गूगलवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला. पलीकडचा माणूस गोड बोलत म्हणाला, ‘‘स्क्रीन शेअरिंगचं ॲप घ्या, मी करून देतो.’’ मी फोन हिसकावला म्हणून बरं!

खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवतात, येणारे आणि जाणारेही. कोणी आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढलंच, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये आणि आपल्याला सावध व्हायला वेळ मिळावा, यासाठी हा नियम आहे. नियम एकदम योग्य. माझा राग आहे तो दुकानदारावर. सिम हातात देताना ‘उद्यापर्यंत मेसेज येणार नाहीत’ एवढं एक वाक्य बोलायला काय जातं? ते कळलं नाही की घाबरलेला माणूस नेमका भामट्याच्या हाती लागतो.

मग ओळखायचं कसं? मित्राला साधा एसएमएस करायला सांग, व्हॉट्सॲप नव्हे. तोही आला नाही, तर २४ तास थांब. तो आला पण ओटीपी नाही, तर स्क्रीनवर दिसणारे नंबरचे शेवटचे आकडे नीट बघ. अनेकदा तिथे अकरावीतला, कधीच सोडून दिलेला नंबर निघतो!

हे प्रकरण जास्त गंभीर आहे. वापरात नसलेला नंबर बंद झाला, की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. म्हणजे तुझे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. त्याला फोन करून ‘दादा, तेवढा ओटीपी सांगा ना’ असली विनवणी करू नकोस. आधारला जुना नंबर असेल तर सरळ आधार केंद्रात जा. नंबर बदलायला वेगळं कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. पावतीवरचा क्रमांक जपून ठेव, अडलं तर १९४७ वर विचारता येतं. बँकेसाठी ओळखपत्र घेऊन शाखेत जा.

रूममेटला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीपी आला. फॉर्मची मुदत मात्र आदल्या रात्रीच संपली होती. आता तो कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात अर्ज घेऊन रांगेत उभा आहे.