रात्रपाळीनंतरची झोप हाही पाळीचाच भाग

सकाळी आठच्या सुमारास चाकणहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून रात्रपाळीचे कामगार देहूरोडला उतरतात. शेजारीपाजारी तेव्हा कामाला निघालेले असतात. अशा वेळी पडदे ओढून झोपायची अनेकांना चोरी वाटते. मग दळण, बँक, मुलांची शाळा उरकून अकराला पाठ टेकते आणि तीनला जाग येते.

हिशेब मांडून पाहा. गरज सात तासांची, मिळाले चार. सहा रात्रींत अठरा तासांची उधारी झाली. गुरुवारच्या एका सुट्टीत ती फिटत नाही.

‘मला चार तास पुरतात’ या दाव्यावर विश्वास ठेवू नये, अगदी स्वतःच्याही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची सतर्कता एक-दोन रात्री सलग जागल्याइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप येत असल्याचे वाटत नव्हते. त्यामुळे जाणिवेपेक्षा खुणा पाहाव्यात. मोजलेले नग पुन्हा मोजावे लागणे, घरी येताना वाटेतला एखादा चौक कधी मागे पडला हे न आठवणे, या त्या खुणा. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, तेव्हा जास्त जपावे.

उपाय साधाच आहे, पण घरच्यांचे सहकार्य हवे. येताना डोळ्यांवर गडद चष्मा, घरी हलका नाश्ता आणि नऊच्या आत अंधाऱ्या खोलीत झोप. दोनपर्यंत पाच तास होतात. निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड तासाची डुलकी घेतली की साडेसहा. शेवटचा चहा पहाटे दोनपूर्वीच घ्यावा, कारण त्यातले कॅफिन चार-पाच तासांनीही निम्मे अंगात उरते. दळण संध्याकाळीही आणता येते. अर्थात सुट्टी सोडून ओव्हरटाइम करणाऱ्याला, किंवा एकाच खोलीत सहा जण राहणाऱ्याला, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे.

ही सुट्टीही कुणी दया म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न घेता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचे बंधनही आले. मालकाशी भांडून मिळवलेला हा वेळ आज घरातल्या लाजेपोटी आपणच परत करतो, हे मला खटकते. दुपारी बारा वाजता झोपलेल्या माणसाला ‘अजून उठला नाहीस?’ असे विचारणाऱ्याने रात्री बाराला झोपलेल्याला तोच प्रश्न विचारून पाहावा.