विडाल पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉईडच का?

घरात कुणाचा ताप चार दिवस उतरला नाही की आपल्याकडे विडाल तपासणी होते. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसले की टायफॉईडचे औषध सुरू होते. या तपासणीवर किती विसंबावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

टायफॉईड, म्हणजेच विषमज्वर, हा आतड्यातून शिरणारा आजार. रोग्याच्या विष्ठेतील जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात जुलाब नसतीलही. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला एवढेच दिसते. मलेरिया किंवा डेंग्यूही असाच सुरू होतो, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून निदान ठरत नाही.

विडाल तपासणी १८९६ पासूनची आहे. ती जंतू शोधत नाही, तर जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. समजा, नऊ वर्षांच्या मुलीला तीन दिवस ताप आहे आणि विडालमध्ये 'ओ' चा आकडा १:१६० आला. ही प्रतिद्रव्ये मागच्या वर्षीच्या टायफॉईडची असू शकतात किंवा दुसऱ्याच एखाद्या तापामुळे वाढलेली असू शकतात. उलट खरा टायफॉईड असूनही तिसऱ्या दिवशी आकडा कमी येऊ शकतो, कारण प्रतिद्रव्ये तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून एकट्या विडालवर निर्णय घेऊ नये.

अशा वेळी ब्लड कल्चर करावे. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. जंतू असतील तर ते वाढतात, बहुधा एक-दोन दिवसांत कळते. पण एक मिलीलिटर रक्तात कित्येकदा एखादाच जंतू असतो. म्हणून मोठ्या माणसाचे आठ-दहा आणि लहान मुलाचे दोन-चार मिलीलिटर रक्त घ्यावे लागते. ते पाहून आईबापांनी घाबरू नये. रक्त पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावे; नंतर जंतू सापडणे अवघड होते. एवढे करूनही निम्म्याच्या आसपास रोग्यांतच जंतू सापडतात. म्हणजे कल्चर निगेटिव्ह आले तरी टायफॉईड नाहीच, असे म्हणता येत नाही. रोग्याची अवस्था बिकट असेल तर रक्त घेऊन औषध लगेच सुरू करावे, रिपोर्टसाठी थांबू नये.

कल्चरचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. वाढलेल्या जंतूंवर कोणते औषध चालते, ते त्यातून कळते. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात हैदराबाद येथे टायफॉईडची साथ आली. नेहमीच्या औषधांबरोबर सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारे ते जंतू कल्चरमुळेच ओळखले गेले. अॅझिथ्रोमायसिन मात्र त्यांच्यावर चालत होते. विडालच्या आकड्यातून हे कधीच कळले नसते.

योग्य औषध मिळाले तरी ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात. तेवढ्यात औषध बदलू नका, ताप गेला म्हणून अर्धवटही सोडू नका. पोटात अचानक तीव्र दुखू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा.