न बदलणाऱ्या नायिकेचा गुन्हा काय?

आमच्या वाचनगटात जेन ऑस्टिनची 'मॅन्सफील्ड पार्क' घेतली, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच निकाल लागला. "कसली ही नायिका? पहिल्या पानावर जशी, शेवटच्या पानावर तशीच. ना बंड, ना वाढ, ना साक्षात्कार!" एकीने तर 'सोशिक सून' असा शिक्काच मारला. मी त्या दिवशी गप्प बसले. आता लिहिते आहे, कारण हा निकाल मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि तो एका कादंबरीपुरता नाही.

आपण स्त्रीवादी वाचक नायिकेकडून एकच मागणी करत आलो: तिने बदलले पाहिजे. आधी दबलेली, मग जागी झालेली, शेवटी दार उघडून बाहेर पडलेली. हा प्रवास आपल्याला प्रिय आहे, आणि तसा तो असावाही. पण त्यामुळे आपण असे धरून चालतो की जी बदलत नाही ती काहीच करत नाही. 1814 साली आलेली ही कादंबरी नेमके याच्या उलट दाखवते.

गोष्ट थोडक्यात अशी. फॅनी प्राइस ही पोर्ट्समथच्या गरीब घरातली मुलगी. दहाव्या वर्षी तिला श्रीमंत मावशीकडे, सर थॉमस बर्ट्रम यांच्या मॅन्सफील्डच्या वाड्यात आणतात. दुसरी मावशी, मिसेस नॉरिस, तिला रोज तिची पायरी दाखवते. फॅनीच्या खोलीत शेकोटी पेटवायची नाही, हा तिचाच हुकूम. सर थॉमस मळ्यांच्या कामासाठी अँटिग्वाला गेलेले असताना घरातली तरुण मंडळी नाटक बसवायला घेतात. निवडलेले नाटक असे, की त्याच्या आडून जे एरवी बोलता येत नाही ते बोलता यावे. मारियाचे लग्न रशवर्थशी ठरलेले, पण तालमींत ती हेन्री क्रॉफर्डच्या जवळ जाते. एडमंड आधी ठाम विरोध करतो, नंतर स्वतःच भूमिका घेतो. फॅनी एवढेच म्हणते की मला अभिनय जमणार नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी कादंबरी त्याच्यावर उभी आहे.

सर थॉमस परततात. एवढ्या मंडळींत फॅनीच तेवढी निर्दोष होती, हे एडमंड वडिलांना सांगतो. तिची स्थिरता त्यांना सद्गुण वाटते. पुढे मारिया रशवर्थशी लग्न करून जाते, आणि हेन्री आता गंमत म्हणून फॅनीच्या मागे लागतो. मग खरोखरच गुंततो. तो आपल्या ॲडमिरल चुलत्याकडून फॅनीच्या लाडक्या भावाला, विल्यमला, नौदलात बढती मिळवून देतो. ती बातमी घेऊन येतो आणि त्याच बैठकीत लग्नाची मागणी घालतो. उपकाराच्या ताटात वाढलेली मागणी! फॅनी नाही म्हणते.

आता तेच सर थॉमस तिच्या थंडगार खोलीत येतात. मुलीला हुंडा नाही, आधार नाही, वय अठरा, आणि स्थळ असे की त्यांच्या स्वतःच्या मुलींनाही ते चालले असते. ते तिला हट्टी, स्वार्थी, कृतघ्न ठरवतात. फॅनी खरे कारण सांगू शकत नाही, कारण ते सांगायचे तर त्यांच्याच मुलींशी हेन्री कसा वागला हे उघड करावे लागेल. शिवाय मनात एडमंड आहे, तेही बोलायचे नाही. ती रडते, पण उत्तर तेच राहते. सर थॉमस निघून जातात आणि तिच्या खोलीत शेकोटी पेटवण्याचा हुकूम देतात. ती ऊब दया म्हणून आली की मन वळवण्यासाठी, हे वाचकाने ठरवायचे.

मैत्रिणींनो, इथे बदलले कोण? फॅनी तीच आहे. जे मनात नाही ते करून दाखवायचे नाही, हे तिचे म्हणणे नाटकाच्या वेळीही होते आणि लग्नाच्या वेळीही आहे. पहिल्या वेळी ते घरच्या कर्त्याच्या सोयीचे होते म्हणून शहाणपण ठरले. दुसऱ्या वेळी गैरसोयीचे म्हणून कृतघ्नपणा ठरला. ती हलली असती तर सर थॉमसना 'सद्गुण' म्हणजे फक्त 'आज्ञा' एवढेच कळते, हे आपल्याला दिसले नसते. रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड जागचा हलत नाही, म्हणूनच गाडी किती पुढे गेली ते मोजता येते.

न बदलणारी व्यक्तिरेखा जिवंत आहे की नुसती निर्जीव, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. न बदलण्याची किंमत वाढत जाते का, ते बघावे. फॅनीच्या बाबतीत ती पायरीपायरीने वाढते. नाटकाला नकार दिला तेव्हा मिसेस नॉरिसचे टोमणे, लग्नाला दिला तेव्हा आश्रयदात्याचा राग, आणि मग पोर्ट्समथची रवानगी. गरिबी, कोंदट घर, कलकलाट सोसून मुलीला श्रीमंतीची किंमत कळावी, हा सर थॉमसचा हिशेब. एडमंडही तिची समजूत घालायला बघतो. त्याला ती सांगते की एखादा पुरुष सगळ्यांना आवडला म्हणून प्रत्येक बाईला तो आवडलाच पाहिजे असे नाही. ही 'सोशिक सून' बोलते आहे!

आता माझ्या बाजूच्या उणिवाही सांगते. फॅनी दगडाची नाही. शेवटच्या तालमीत एक बाई येऊ शकत नाही, सगळे आग्रह करतात, तेव्हा ती तिचे संवाद वाचायला तयार होते. सर थॉमस नेमके तेव्हा दारात येतात म्हणून सुटते. पुढे हेन्री विवाहित मारियाला घेऊन पळतो आणि फॅनीचा नकार खरा ठरतो. पण निवेदिका प्रामाणिकपणे सांगून टाकते की हेन्री नीट वागला असता आणि एडमंडचे लग्न दुसरीकडे झाले असते, तर कालांतराने फॅनी त्याची झाली असती. म्हणजे परिस्थितीने तिला वाचवले. शिवाय तिची नीती बऱ्याच अंशी सर थॉमसच्याच घराची. गुलामांच्या व्यापाराबद्दल ती त्यांना प्रश्न विचारते. खोलीत शांतता पसरते, आणि ती पुन्हा विचारत नाही. तिला देवी करू नका, एवढे मीही म्हणेन.

पण तिला बदलून काय होते तेही बघा. 1999 साली पॅट्रिशिया रोझेमाने यावर चित्रपट केला. त्यातली फॅनी चुणचुणीत, लेखिका, आपल्याला हवी तशी. ती हेन्रीला आधी होकार देते आणि दुसऱ्या दिवशी मोडते. चित्रपट मला आवडला. पण होकार मोडणे ही मनाची घालमेल झाली. मुळात होकारच न देणे, तेही सगळे घर विरोधात असताना, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तिथे हरवली.

स्वतः जेनच्या आईलाही फॅनी बेचव वाटली होती. जेनने ते मत नोंदवून ठेवले, पण फॅनीला तशीच ठेवली. कादंबरीच्या शेवटी पश्चात्ताप होतो तो सर थॉमसना, डोळे उघडतात ते एडमंडचे, आजारपणातून सुधारतो तो थोरला टॉम. बदलायची गरज ज्यांना होती ते बदलले. जिला नव्हती तिने का बदलावे?

स्थळ चांगले आहे, घर चांगले आहे, उपकार झाले आहेत, म्हणून मुलीने मन बदलावे, असे आपण घराघरांत ऐकतो आणि त्यावर चिडतो. मग कादंबरी वाचताना आपणच तिच्याकडे तीच मागणी घेऊन का जातो?