बाण म्हणजे 'म्हणून' : उत्तरपत्रिकेतील मांडणीबद्दल थोडे स्पष्ट

'मुद्दे बरोबर असले की गुण मिळतातच, सजावट कशाला करायची?' आमच्या अभ्यासिकेत हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येते. म्हणणारी मुले प्रामाणिक आणि कष्टाळू असतात, वाचनही भरपूर असते. पण पानावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकच सलग परिच्छेद उतरतो. त्यात सातव्या ओळीला एक उत्तम मुद्दा दडलेला असतो आणि तो परीक्षकाला सापडतच नाही.

आमच्या मते मांडणी ही सजावट नाही. शीर्षक, फ्लोचार्ट आणि अधोरेखन ही विचार दाखवण्याची साधने आहेत. ज्यांच्या घरात वडील-आजोबा मास्तर किंवा वकील होते, त्यांना ती न मागता मिळाली. आपल्याकडच्या पहिल्या शिकलेल्या पिढीला ती कुणी शिकवली नाहीत आणि अभ्यासक्रमातही ती कुठे छापलेली नाहीत. बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. भांडवल अन्यायाने वाटले गेले आहे म्हणून ते वापरायचेच नाही, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही.

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली. ती मुदत संपली. वर्षानुवर्षे चार पर्यायांतले वर्तुळ काळे करणाऱ्या हातांना आता उत्तर लिहायचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात ३ तासांत २० प्रश्न असतात. म्हणजे एका उत्तराला सरासरी ९ मिनिटे. विचार करणे, लिहिणे आणि आखणे हे सगळे त्यातच.

आता एकच प्रश्न घेऊ. 'जातीच्या उत्पत्तीविषयी डॉ. आंबेडकरांची मांडणी स्पष्ट करा', सुमारे २५० शब्द. आपल्या मुलांना हा हक्काचा प्रश्न वाटतो आणि अनेकदा याच प्रश्नात गुण जातात. अभ्यासिकेच्या सराव चाचणीत एका मुलीने पहिल्या चार ओळी 'परमपूज्य, बोधिसत्त्व, महामानव, विश्वरत्न' यांवर खर्च केल्या आणि 'बाबासाहेब' हा शब्द अकरा वेळा अधोरेखित केला. श्रद्धा समजते. पण प्रश्न सिद्धान्ताचा आहे आणि उपाधीला गुण नाहीत. परीक्षेत 'डॉ. आंबेडकर' एवढे पुरे. त्यांनी स्वतः १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात हा निबंध वाचला तेव्हा युक्तिवादच केला होता.

तिची शीर्षके होती : प्रस्तावना, अर्थ, स्वरूप, महत्त्व, निष्कर्ष. ही पाच शीर्षके हुंड्यावरच्या उत्तरालाही चालतील आणि धरणावरच्याही. जे शीर्षक कुठल्याही उत्तराला चालते, ते या उत्तराबद्दल काहीच सांगत नाही. शीर्षकाने मुद्दाच बोलून टाकला पाहिजे. आम्ही तिच्यासोबत बसून ती बदलली : 'जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग', 'बंदिस्ती टिकवण्याची किंमत स्त्रीने मोजली', 'अनुकरणातून जातींचा प्रसार'. नुसती ही तीन शीर्षके वाचली तरी सिद्धान्ताचा सांगाडा कळतो.

मधल्या मुद्द्याला फ्लोचार्ट हवाच, कारण तिथे डॉ. आंबेडकरांची मांडणी कारण आणि परिणाम अशा साखळीने जाते. गटाबाहेर लग्न करायचे नाही असे ठरले, की गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येत राहिले पाहिजेत. नवरा आधी मेला तर स्त्री उरते, बायको आधी मेली तर पुरुष उरतो. उरलेली व्यक्ती गटाबाहेर लग्न करू शकते, नाहीतर गटातल्याच दुसऱ्या कुणाचा जोडीदार कमी करते. त्यावर काढलेले उपाय म्हणजेच त्या रूढी. पानावर ते असे दिसते :

बहिर्विवाहाच्या रूढीवर अंतर्विवाह लादला
↓
गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळवणे भाग पडले
↓
स्त्री उरली : सती किंवा सक्तीचे वैधव्य
पुरुष उरला : ब्रह्मचर्य किंवा लहान मुलीशी लग्न
↓
गट बंदिस्त राहिला, म्हणजे जात
↓
इतर गटांनी अनुकरण केले किंवा ते बाहेर ठेवले गेले

प्रत्येक बाणाच्या जागी 'म्हणून' वाचून पाहा. अर्थ लागला तर तो फ्लोचार्ट. त्या मुलीच्या पहिल्या कागदावर मध्ये 'जात' लिहिलेला गोल होता आणि भोवती सती, बालविवाह, अस्पृश्यता, हुंडा, गरिबी असे पाच गोल. तिथे कुठल्याही बाणावर 'म्हणून' वाचता येईना. तो फ्लोचार्ट नव्हता, यादीला काढलेल्या चौकटी होत्या. अशा आकृतीने उलट हे उघड होते की नावे पाठ आहेत, संबंध माहीत नाही. तुलना विचारली असेल, उदाहरणार्थ वर्ग आणि जात, तर दोन रकान्यांचा तक्ता काढावा. 'टीकात्मक परीक्षण करा' म्हटले असेल तर परीक्षणाचा भाग वाक्यांतच लिहावा लागतो, मत बाणाने सांगता येत नाही.

आकृती पाच-सहा पायऱ्यांची, सात-आठ ओळींत बसणारी आणि दीड मिनिटात होणारी असावी. पट्टी घेऊन चौकटी आखत बसू नये. आणि तिच्या आधी किंवा नंतर दोन-तीन वाक्ये हवीतच. आकृतीतले शब्द पुन्हा गिरवण्यासाठी ती नसतात, 'का' सांगण्यासाठी असतात. इथे ते वाक्य असे होईल : विधुराला विधवेसारखे जाळले गेले नाही, कारण गटात पुरुषाचे वर्चस्व होते आणि गटाला तो हवा होता. हे वाक्य चौकटीत मावत नाही आणि उत्तरातले सर्वात मोलाचे तेच आहे.

अधोरेखनाची कसोटी साधी आहे. हा शब्द काढला तर उत्तर दुसऱ्याच कुणाच्या सिद्धान्ताचे होईल का? होत असेल तर रेघ. या उत्तरात अंतर्विवाह, बहिर्विवाह, बंदिस्त वर्ग, सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह, अनुकरण एवढेच शब्द पुरतात. पानावर तीसेक रेघा झाल्या की डोळ्याला एकही दिसत नाही. रेघ लिहून झाल्यावर, एकदा परत वाचताना मारावी. लिहिता लिहिता मारणारे शब्द निवडत नाहीत, हाताला सवय असते म्हणून रेघ पडते. शाईच्या रंगाबाबत उत्तरपत्रिकेवर छापलेली सूचना वाचावी. लाल शाई परीक्षकाची असते आणि रंगीबेरंगी पेनांनी ओळख पटवणारी खूण केल्याचा संशय ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हे क्लासवाल्यांचे खूळ आहे. अर्धे खरे आहे. क्लासवाले प्रत्येक उत्तराला एकच साचा विकतात, प्रत्येक पानावर एक गोल आणि सहा बाण. असे गठ्ठे तपासणाऱ्याला तो साचा लगेच ओळखू येतो. पण साचा खोटा आहे म्हणून मांडणीच टाकून द्यावी, हे आम्हाला मान्य नाही. आणि मुद्दाच नसेल तर मांडणीने गुण वाढत नाहीत, उलट मुद्दा नसल्याचे लवकर दिसते.

एक अपवाद मात्र पाळा. निबंधाच्या पेपरात यातले काही नको. तिथे परिच्छेदातून परिच्छेदात विचार वाहता ठेवता येतो का हेच पाहिले जाते, आणि फ्लोचार्टने तो तिथेच तुटतो.