वेळ बदलली, हे पालकांना कसे कळवाल?

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा निर्णय शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यानंतर एका शाळेने पालकांना दिलेली चिठ्ठी माझ्यासमोर आहे. 'शासन निर्णयानुसार शाळेची वेळ बदलली आहे, नोंद घ्यावी.' बस, एवढेच. मुख्याध्यापकांनो, या एका ओळीवर कोणतीही आई आपल्या घराची घडी बसवू शकत नाही.

एकाच इमारतीत दोन सत्रे भरणाऱ्या शाळेचे उदाहरण घेऊ. प्राथमिक सकाळी सात ते बारा, माध्यमिक दुपारी. प्राथमिक नुसते नऊवर ढकलले तर चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे रोजचे चार तास. परिपाठाची १५ मिनिटे आणि मधल्या सुट्टीची ३० मिनिटे धरली की शाळा पावणेदोनला सुटते, आणि साडेबाराला माध्यमिकची मुले दारात उभी! म्हणून अशा शाळेला बहुधा सत्रांची अदलाबदल करावी लागते: माध्यमिक सकाळी, प्राथमिक साडेबारा ते सव्वापाच.

परिपत्रकात बदलाचे कारण सांगा. सातच्या शाळेसाठी सव्वासहाची व्हॅन गाठायची तर मूल साडेपाचला उठते. रात्री साडेदहाला झोपले असेल तर झोप सातच तास. या वयाला किमान नऊ तास लागतात. वर्गखोल्या अपुऱ्या आहेत, हेही मोकळेपणाने लिहा. पालक समजून घेतात.

खरी अडचण घरी होते. सकाळी आई धाकटीला शाळेत सोडून कामावर जायची, दुपारी आजी तिला आणायची. आता साडेबाराला सोडायला कोण आणि सव्वापाचला आणायला कोण? बारा वाजता सुटलेला दादा बहिणीसाठी थांबणार की एकटा घरी जाणार? रिक्षाकाकांच्या दोन फेऱ्यांचे गणित बसते का? हे विचारणारी पोचपावती परिपत्रकाला जोडा. खाली पालकांची सही आणि 'मुलाला कोण नेणार' हा रकाना हवाच. उत्तरे आली की कुणाला अर्धा तास शाळेतच थांबवावे लागेल, ते आधीच कळते.

तारखांचे म्हणाल तर, निकालाच्या दिवशी पालक हमखास येतात. परिपत्रक त्याच दिवशी हातात द्या. पोचपावती मेच्या मध्यापर्यंत मागवा, म्हणजे व्हॅनवाल्यांशी बोलायला महिना उरतो. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी आठवण करा. पहिला आठवडा जुन्या सुटण्याच्या वेळीही फाटकावर एक शिक्षक उभा ठेवा, कारण सवयीने बारालाच येणारे आजोबा असतातच.

आणि शनिवार विसरू नका. शनिवारची वेळ परिपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहा. ती नसली की पालक जुनीच धरतात आणि पहिल्याच शनिवारी मुले सातला बंद फाटकाशी उभी राहतात.